ग्रॅच्युइटीचं पत्र: विनवणी नको, तीन तारखा आणि एक आकडा द्या

डार्विनला विनेलीच्या वर्कशॉपमध्ये किंवा ईस्ट आर्मच्या यार्डात काम करणाऱ्या आपल्या माणसाला शेजारचा ऑस्ट्रेलियन फिटर विचारतो, "ग्रॅच्युइटी म्हणजे काय?" त्याला ते माहीत असण्याचं कारणच नाही. इथे मालक नोकरी चालू असतानाच सुपरचे पैसे फंडात भरतो आणि आपण ते फोनवर पाहतो. भारतातली ग्रॅच्युइटी मात्र नोकरी सुटल्यावर त्याच मालकाच्या हातून यायची असते. आपण समुद्रापलीकडे आणि फाइल भोसरीच्या कपाटात, असं झालं की पैसे अडकतात. इथल्या फेअर वर्क ओम्बुड्समनकडे जाऊनही उपयोग नाही. त्यांचं काम ऑस्ट्रेलियातल्या नोकरीपुरतं आहे. भारतातल्या जुन्या मालकाकडे आपल्यालाच लिहावं लागतं.

आणि आपण लिहितो कसं? साधारण असं: "साहेब, मी आपल्याकडे बरीच वर्षं इमानदारीने काम केलं. माझी ग्रॅच्युइटी अजून आली नाही. पीएफ आणि बोनसचंही बघावं. घरी अडचण आहे, कृपा करून लवकर करावं."

या पत्रात खोटं काहीच नाही. पण एचआरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्यातून कामाचं काही मिळत नाही. हा कोण, टोकन नंबर काय, कधी लागला, कधी सुटला? तो उलट विचारतो, "डिटेल्स पाठवा". त्या एका ओळीत महिना जातो. पीएफचा विषय आला की पत्र दुसऱ्या टेबलावर सरकतं, कारण पीएफ पीएफ ऑफिसकडून मिळतो आणि ग्रॅच्युइटी कंपनीकडून. शिवाय "कृपा करून" हे शब्द आमच्या मते तिथे नकोतच. ग्रॅच्युइटी कायदा 1972 चा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिलेल्यालाही ती मिळते. यात कोणी कोणावर कृपा करत नाही.

एक हिशेब धरून पत्र सुधारू. माणूस नमुन्याचा आहे, पण अशी प्रकरणं तुमच्या ओळखीत असतील. भोसरीच्या कारखान्यात वेल्डर. 14 जुलै 2013 ला रुजू. 1 जानेवारी 2024 ला राजीनामा दिला, महिन्याची नोटीस पूर्ण केली, शेवटचा दिवस 31 जानेवारी 2024. मग डार्विन. हातात यायचे 31,000, पण पगाराच्या स्लिपवर बेसिक आणि डीए मिळून 18,200. दोन वर्षं होत आली, ग्रॅच्युइटी नाही.

आधी रुजू तारीख. ती नेमणूक पत्रातली लिहायची, कायम केल्याच्या पत्रातली नाही. प्रोबेशनचे महिने नोकरीतच धरतात. पुष्कळ ठिकाणी कंपनीच्या रेकॉर्डला कन्फर्मेशनची तारीख चढलेली असते आणि हिशेब तिथून सुरू होतो. आपल्या वेल्डरचं कन्फर्मेशन सहा महिन्यांनी झालं असेल तर तेवढ्यानेच त्याचं एक वर्ष उडतं. ॲप्रेंटिस म्हणून काढलेला काळ मात्र कायद्याने धरला जात नाही, तो आपणही जोडू नये. आपला एक आकडा चुकीचा निघाला की बाकीचे बरोबर असले तरी शंका घ्यायला जागा मिळते.

राजीनाम्याच्या तारखेत खरी मेख आहे. राजीनामा दिला तो दिवस वेगळा आणि नोकरी संपली तो दिवस वेगळा. पत्रात दोन्ही लिहा आणि हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत धरा. कायदा पूर्ण झालेली वर्षं मोजतो, आणि वर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ उरला तर तेही एक वर्ष धरतो. 1 जानेवारीपर्यंत मोजलं तर आपल्या वेल्डरला साडेदहा वर्षं व्हायला तेरा दिवस कमी पडतात, म्हणजे दहाच वर्षं मिळतात. 31 जानेवारीपर्यंत मोजलं तर साडेदहाच्या वर जातो, म्हणजे अकरा. नुसतं "जानेवारीत राजीनामा दिला" असं लिहिणारा स्वतःच्या हाताने एक वर्ष सोडून देतो.

पगाराचंही तसंच. शेवटचा पगार म्हणजे शेवटचा बेसिक आणि डीए. घरभाडं, ओव्हरटाइम, बोनस त्यात येत नाहीत. आपण रागाच्या भरात 31,000 धरून मागणी केली, तर अकाउंट्सवाला "आपली मागणी नियमात बसत नाही" असं लिहून मोकळा होतो, आणि ते उत्तर वरकरणी बरोबरच असतं. शेवटच्या पूर्ण महिन्याची स्लिप काढा आणि त्यातल्या त्या दोन ओळी उचला.

आता गणित. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरतात आणि वर्षाला 15 दिवसांचा पगार देतात. 18,200 ला 26 ने भागलं की रोजचे 700. पंधरा दिवसांचे 10,500. अकरा वर्षांचे 1,15,500 रुपये. दहाच वर्षं धरली असती तर 1,05,000. वर सांगितलेल्या तेरा दिवसांची किंमत ही इतकी.

व्याजाची ओळ लोक लिहितच नाहीत. नोकरी संपल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायची जबाबदारी मालकाची आहे, कामगाराने अर्ज केला असो वा नसो. मुदत चुकली तर देय झाल्या दिवसापासून सरळ व्याज लागतं, दर वर्षाला 10 टक्के. आपल्या वेल्डरला वर्षाचे 11,550, म्हणजे 31 जानेवारी 2026 पर्यंत दोन वर्षांचे 23,100. हे व्याज मालकाच्या मर्जीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये गंगाहनुमे गौडा यांच्या खटल्यात सांगितलं आहे. "तुम्ही परदेशात होतात, सही करायला आला नाहीत" हे कारण हमखास पुढे येतं. कामगाराच्या चुकीने उशीर झाला म्हणून व्याज टळू शकतं, पण त्यासाठी मालकाने कंट्रोलिंग ऑथॉरिटीची लेखी परवानगी घेतलेली असावी लागते. ती घेतली होती का, एवढंच विचारायचं.

हे सगळं धरून पत्र असं होतं:

"विषय: ग्रॅच्युइटी न मिळाल्याबाबत, टोकन नंबर अमुक.

महोदय, मी आपल्या भोसरी येथील कारखान्यात वेल्डर म्हणून 14 जुलै 2013 रोजी रुजू झालो. 1 जानेवारी 2024 रोजी राजीनामा दिला व नोटीस पूर्ण करून 31 जानेवारी 2024 रोजी कार्यमुक्त झालो. शेवटचा बेसिक व डीए मिळून 18,200 रुपये होता. सेवा साडेदहा वर्षांहून अधिक असल्याने 11 वर्षे धरून ग्रॅच्युइटी 1,15,500 रुपये होते. ती मुदतीत मिळालेली नाही. 31 जानेवारी 2026 पर्यंतचे व्याज 23,100 रुपये होते. एकूण 1,38,600 रुपये व त्यापुढील व्याज पुढील खात्यात जमा करावे. यातील एखादी तारीख किंवा आकडा आपल्या रेकॉर्डशी जुळत नसेल तर कोणता व का, ते 15 दिवसांत लेखी कळवावे. सोबत नेमणूक पत्र, राजीनाम्याची पोच, कार्यमुक्ती पत्र व शेवटची स्लिप जोडली आहे."

पत्रातलं "जुळत नसेल तर कोणता व का" हे वाक्य आम्हाला सगळ्यात जास्त कामाचं वाटतं. "बघतो" म्हणायला जागा राहत नाही, एक तर पैसे द्यायचे नाहीतर वादाचा मुद्दा कागदावर आणायचा. पंधरा दिवस ही मुदत आपली आहे, कायद्याची नाही. त्यामुळे तिच्यावरून धमकीची भाषा वापरू नये.

पत्रासोबत फॉर्म आय भरून द्या. हा ग्रॅच्युइटीच्या अर्जाचा नमुना आहे. तो नोकरी सुटल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो, पण उशीर झाला एवढ्यावरून हक्क जात नाही. ईमेल करा, आणि तोच कागद गावाकडच्या भावाला किंवा बहिणीला स्पीड पोस्टने पाठवायला सांगून पोच जपा. फोन करायचा तर डार्विनची वेळ भारताच्या चार तास पुढे आहे, म्हणजे तिकडे दहाला ऑफिस उघडतं तेव्हा आपले दुपारचे दोन वाजलेले असतात. फोनवर जे बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलमध्ये टाका. बँक खातं चालू आहे का, तेही आधी पाहा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, मग पैसे येऊनही हाती लागत नाहीत.

उत्तरं काय येतात, तेही ओळखून ठेवा. "फुल अँड फायनलवर तुमची सही आहे, आता काही बाकी नाही." सही असली तरी कायद्याने मिळणारी ग्रॅच्युइटी अशा कागदाने बुडत नाही, त्या कागदात ग्रॅच्युइटीची रक्कम दाखवली आहे का ते विचारा. "नोटीस कमी दिली म्हणून रोखली." ग्रॅच्युइटी जप्त करायला मालकाने कामावरून काढलेलं असावं लागतं, तेही नुकसान किंवा गंभीर गैरवर्तनासारख्या कारणावरून. राजीनामा दिलेल्याला ते लागू होत नाही. "मॅनेजमेंट बदललं" हे तर कारणच नाही.

काहीच उत्तर आलं नाही तर कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडे फॉर्म एन भरून जायचं. कंपनीच्या शाखा एकाहून जास्त राज्यांत असतील तर केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, नसतील तर राज्याच्या. त्याला 90 दिवसांची मुदत आहे, पण उशिराचं सबळ कारण असेल तर अर्ज घेता येतो. इथे तुमच्या ईमेलची आणि पोचपावत्यांची चळत कामाला येते. दोन वर्षं गप्प बसलेला आणि दोन वर्षं लेखी मागत राहिलेला, यांत अधिकारी फरक करतो.

एक सावधगिरी. वरचा हिशेब 1972 च्या कायद्याचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात पगाराची व्याख्या वेगळी आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग पगारात धरायचा. त्या तारखेनंतर नोकरी सोडली असेल तर नुसता बेसिक-डीए लिहून स्वतःचं नुकसान करू नका. आणि दुबईहून डार्विनला आलेल्यांनी हे सूत्र तिकडच्या मालकाला पाठवू नये. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा बेसिक असा वेगळा हिशेब चालतो, त्याचं पत्रही वेगळं लिहावं लागतं.