अमळनेरचे जुने शेअर, येलहंकातून दावा: फोलिओ क्रमांकापासून डिमॅट खात्यापर्यंत

दावा न केलेले पैसे मूळ मालकांपर्यंत पोहोचवण्यासाठी 2025 मध्ये केंद्र सरकारने एकामागून एक मोहिमा काढल्या. गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी प्राधिकरणाने (आयईपीएफ) जूनमध्ये पुण्यात पहिले ‘निवेशक शिबिर’ घेतले. 28 जुलै ते 6 नोव्हेंबर ‘सक्षम निवेशक’ ही शंभर दिवसांची मोहीम चालली. ऑक्टोबरमध्ये ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ सुरू झाली. या मोहिमांमुळे अनेक घरांत जुन्या शेअर प्रमाणपत्रांची शोधाशोध झाली. मात्र कागद सापडला म्हणजे पैसे मिळाले, असे होत नाही. दावा बहुतेक वेळा अडतो तो कंपनीच्या शेअर निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे. जुन्या फोलिओवरची नावे, सही आणि पत्ता आजच्या कागदपत्रांशी जुळत नाहीत, हे त्याचे कारण.

हा प्रवास आपण एका उदाहरणातून पाहू. त्यातले कुटुंब काल्पनिक आहे, कंपनी आणि नियम खरे आहेत.

उदाहरण: अमळनेर ते येलहंका

विप्रोची नोंदणी 29 डिसेंबर 1945 रोजी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची वनस्पती तूप कंपनी म्हणून झाली. तेव्हाचे नाव होते ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’. अमळनेरच्या अनेक घरांनी हे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आज कंपनीचे मुख्यालय बेंगळुरूत सर्जापूर रस्त्यावर आहे.

समजा, येलहंका न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला अमळनेरच्या घरातल्या ट्रंकेत वडिलांच्या नावाचे विप्रोचे प्रमाणपत्र सापडले. त्यावर 2 रुपये दर्शनी किमतीचे 30 शेअर आहेत. वडील 2012 मध्ये वारले. नामनिर्देशन केलेले नाही. आई आणि भाऊ हयात आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर लाभांश कोणीही वटवलेला नाही.

मुख्यालय आपल्याच शहरात आहे, तर तिथेच जावे असे त्यांना वाटणे साहजिक आहे. पण भागधारकांची नोंदवही निबंधकाकडे असते आणि विप्रोचा निबंधक हैदराबादची केफिन टेक्नॉलॉजीज ही संस्था आहे. पूर्वी हे काम कार्वी या नावाने चालत असे, त्यामुळे जुन्या पत्रांवर तेच नाव दिसेल. इतर कोणत्याही कंपनीचा सध्याचा निबंधक तिच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात किंवा वार्षिक अहवालात सापडतो. प्रमाणपत्रावर छापलेला जुना पत्ता गृहीत धरू नका.

30 शेअरचे आज किती?

प्रमाणपत्रावरचा आकडा अंतिम नसतो. हे प्रमाणपत्र 2004 च्या बोनसआधीचे आहे असे धरू. 2004 मध्ये एकास दोन बोनस मिळाला, तेव्हा 30 चे 90 झाले. 2005 मध्ये एकास एक, म्हणजे 180. 2010 मध्ये तीनास दोन, म्हणजे 300. 2017 मध्ये एकास एक, म्हणजे 600. 2019 मध्ये तीनास एक, म्हणजे 800. डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा एकास एक, म्हणजे 1600.

दर्शनी किंमत 10 रुपये असेल तर प्रमाणपत्र 1999 च्या विभाजनाआधीचे आहे. त्या वर्षी 10 रुपयांच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच शेअर झाले. शिवाय 2013 मध्ये विप्रोचा बिगर-आयटी व्यवसाय वेगळा होऊन विप्रो एंटरप्रायझेसकडे गेला. त्यापोटी या फोलिओला काय देय होते, हेही पत्रात स्वतंत्रपणे विचारावे. आपणहून विचारले नाही तर हा भाग सहज सुटून जातो.

हिशेब करण्याआधी प्रमाणपत्राची मागची बाजू पाहा. तिथे दुसऱ्याच्या नावे हस्तांतराची नोंद असेल तर शेअर आधीच विकलेले आहेत. वडिलांनी 30 पैकी काही शेअर विकले असतील किंवा बोनसचे शेअर वेगळ्या फोलिओत गेले असतील, तरीही आकडा बदलतो. म्हणून आपला हिशेब फक्त पडताळणीसाठी ठेवावा. खरा आकडा निबंधकाच्या नोंदवहीतला.

पैसे कंपनीकडे की निधीकडे?

कंपनी कायदा 2013 नुसार लाभांश जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत दिला गेला नाही किंवा कोणी घेतला नाही, तर पुढच्या सात दिवसांत कंपनी ती रक्कम वेगळ्या ‘न दिलेला लाभांश’ खात्यात टाकते. तिथे ती सात वर्षे राहते आणि मग आयईपीएफकडे जाते. उदाहरणार्थ, विप्रोने जानेवारी 2020 मध्ये शेअरमागे 1 रुपया अंतरिम लाभांश जाहीर केला. तो फेब्रुवारी 2020 मध्ये त्या खात्यात गेला असेल, तर त्याची सात वर्षे फेब्रुवारी 2027 मध्ये भरतात.

शेअरचा नियम थोडा वेगळा आहे. सलग सात वर्षे एकही लाभांश घेतला नाही, तरच शेअर निधीकडे जातात. मधल्या एका वर्षाचा लाभांश जरी मिळवला, तरी ही सलगता तुटते आणि शेअर कंपनीच्या नोंदवहीतच राहतात. ज्यांचे शेअर अजून निधीकडे गेलेले नाहीत, त्यांनी म्हणूनच आधी एक लाभांश पदरात पाडून घ्यावा.

आपल्या उदाहरणात 2012 पासून काहीच वटवलेले नाही. त्यामुळे शेअर निधीकडे गेले असणार, असे धरून चालावे. खात्री करण्यासाठी iepf.gov.in वर नाव किंवा फोलिओ क्रमांक आणि कंपनी घालून शोध घेता येतो. कंपनीच्या संकेतस्थळावरही अशा भागधारकांची यादी असते. नाव शोधताना आडनाव आधी, आद्याक्षरे आधी, स्पेलिंग वेगळे, असे सगळे प्रकार करून पाहा. निधीकडे गेले तरी मालकी बुडत नाही. दाव्याला कालमर्यादा नाही. पुढचे बोनस आणि लाभांशही त्याच शेअरच्या नावे निधीत जमा होतात.

निबंधकाला पहिले पत्र

पहिल्या पत्रात दावा करू नका, माहिती मागा. त्यात एवढे असावे:

- कंपनीचे सध्याचे आणि प्रमाणपत्रावरचे नाव
- फोलिओ क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, ‘पासून–पर्यंत’ विशिष्ट क्रमांक आणि शेअरसंख्या
- धारकाचे नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच, अक्षरही न बदलता. संयुक्त धारक असल्यास त्याच क्रमाने
- नोंदवहीत असलेला जुना पत्ता
- धारक हयात नसल्यास मृत्यूची तारीख आणि अर्जदाराचे नाते
- तीन प्रश्न: फोलिओत आज किती शेअर आहेत, कोणत्या वर्षांचा लाभांश बाकी आहे, आणि शेअर निधीकडे गेले असल्यास कधी

प्रमाणपत्र हरवले असेल तर फोलिओ क्रमांक जुन्या लाभांश पत्रकावर, त्याच्या स्थळप्रतीवर किंवा बोनसच्या पत्रावर मिळतो. काहीच नसेल तर नाव, वडिलांचे नाव आणि जुना पत्ता देऊन निबंधकाला शोध घ्यायला सांगता येते. पहिल्या पत्रासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवू नका, छायाप्रत पुरे.

कागदपत्रे कुठे अडतात?

धारक हयात असेल तर ISR-1 या नमुन्यात पॅन, पत्ता, मोबाइल, बँक खाते यांची नोंद करावी लागते. सही जुळत नसेल तर ISR-2 वर बँकेकडून सही साक्षांकित करून घ्यावी लागते. नामनिर्देशनासाठी SH-13 आहे. ही नोंद अपुरी असेल तर 1 एप्रिल 2024 पासून कागदी शेअरवरचा लाभांश रोखून धरला जातो आणि नोंद पूर्ण झाल्यावर थेट बँकेतच जमा होतो. घरपोच धनादेशाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात धारक हयात नाही. त्यामुळे ISR-5 भरून शेअर वारसाच्या नावे करण्याची प्रक्रिया आधी होते. तिच्यात मृत्यू प्रमाणपत्र, वारसा सिद्ध करणारा कागद आणि आई व भावाचे ना-हरकत पत्र लागते. कोणता कागद पुरेल, हे शेअरच्या आजच्या बाजारभावावर ठरते. 30 शेअरचे 1600 झाल्यावर किंमत मोठी होते आणि नियमांतली सोपी कागदपत्रे पुरतीलच असे नाही. म्हणून आजच्या किमतीला कोणती कागदपत्रे लागतील, हे निबंधकाकडून लेखी मागवून घ्यावे आणि मगच मुद्रांक व न्यायालयाचा खर्च करावा.

सर्वांत जास्त अर्ज नावावरून परत येतात. प्रमाणपत्रावर फक्त आद्याक्षरे, मृत्यू प्रमाणपत्रावर पूर्ण नाव आणि मुलीच्या आधारवर सासरचे आडनाव असते. या तिन्ही नावांचा दुवा जोडणारे प्रतिज्ञापत्र आणि विवाह प्रमाणपत्र सुरुवातीलाच जोडले तर एक फेरी वाचते. अमळनेर नगरपरिषदेचे मृत्यू प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल, तर नोटरीकडून साक्षांकित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे.

निधीकडे दावा: IEPF-5

वारसाची कागदपत्रे मान्य झाली की कंपनी किंवा निबंधक हक्कपत्र देतो. त्यात शेअरसंख्या आणि लाभांशाची रक्कम लिहिलेली असते. हे पत्र हातात आल्यावरच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर IEPF-5 भरावा. आकडे पत्राप्रमाणेच लिहावेत. अर्जाला शुल्क नाही. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून सगळे शेअर आणि सगळे लाभांश एकाच अर्जात घ्यावेत.

अर्जानंतर छापील प्रत, हमीपत्र, महसूल तिकीट लावलेली आगाऊ पावती आणि मूळ प्रमाणपत्र कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. ते प्राधिकरणाकडे थेट पाठवू नये. सोबत अर्जदाराच्या डिमॅट खात्याची ‘क्लायंट मास्टर लिस्ट’ लागते, कारण शेअर डिमॅटमध्येच परत येतात आणि कागदी प्रमाणपत्र पुन्हा मिळत नाही. कंपनीने 30 दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर प्राधिकरणाने 60 दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. त्रुटी निघाली तर हा काळ लांबतो. त्यामुळे अर्जाचा SRN क्रमांक जपून ठेवा आणि स्थिती अधूनमधून पाहत राहा.

मोहिमांनी काय बदलले, काय नाही?

शिबिरात निबंधक, कंपनी आणि प्राधिकरण यांचे प्रतिनिधी एकाच ठिकाणी भेटतात. फोलिओ आहे की नाही, केवायसी पूर्ण आहे का, हे तिथे लगेच कळते. केवायसी अपुरी एवढीच अडचण असलेल्या हयात धारकाचे काम त्यामुळे खरोखर सोपे होते. मृत धारकाचे तसे नाही. वारसांची संमती, नावातील फरक आणि बाजारभावानुसार वाढणारी कागदपत्रे हा भाग मोहिमेने कमी झालेला नाही. याच गुंत्याचा फायदा घेऊन काही दलाल परत मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागतात. माहिती मागवण्याला किंवा IEPF-5 ला पैसे लागत नाहीत, हे लक्षात ठेवा आणि मूळ प्रमाणपत्र व कोऱ्या सह्या कोणालाही देऊ नका.

निबंधकाने उत्तर दिले नाही, तर सेबीच्या SCORES या तक्रार मंचावर फोलिओ क्रमांक, पत्राची तारीख आणि पोचपावती जोडून तक्रार करता येते. त्यावर 21 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. येलहंकाच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवलेल्या त्या पहिल्या पत्राची पावती म्हणूनच फेकू नका.