एकच नळी, तीन झाडं: पाणी कुणाचं तोडायचं

आजची नोंद बागेतली नाही, प्रभादेवीतली आहे. मुलगी तिथे राहते, त्यामुळे दिवाळीला आणि डॉक्टरच्या फेऱ्यांना माझं जाणं होतं. बिल्डिंगच्या आवारात एका रांगेत तीन झाडं आहेत: एक उंच जुना माड, एक हापूसचं भरलेलं झाड आणि त्याच्या पुढे नवीन लावलेलं कलम. माळीदादा रोज सकाळी सातला नळी घेऊन तिघांनाही सारखंच पाणी घालतो. जून-जुलै सोडला तर वर्षभर. लॉनला फवारा वेगळा.

२०२२ च्या दिवाळीत सेक्रेटरींनी मला खाली गाठलं. "काका, तुम्ही आंबेवाले. हे झाड सात वर्षांचं झालं, एवढं हिरवंगार आहे, पण मोहोर नाही. कुणीतरी कल्टार घाला म्हणतंय. घालू का?"

मी म्हटलं, आधी झाड बघू.

पहिलं बघायचं ते खोडाच्या बुंध्याशी. घोट्याएवढ्या उंचीवर कलमाचा सांधा दिसत होता, म्हणजे वरचा आणि खालचा भाग थोडा वेगळ्या जाडीचा, सालीचा पोतही वेगळा. हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण मुंबईत बरीच झाडं खाल्लेल्या आंब्याच्या बाठ्यातून आलेली असतात. तसं रायवळ झाड असेल तर सातव्या वर्षी मोहोर नसणं यात काही बिघडलेलं नाही, थांबायचं. पण कलम असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षी मोहोर यायला हवा होता.

दुसरं बघितलं ऊन. प्रभादेवीत आता चारी बाजूंना टॉवर आहेत. या झाडाच्या पश्चिमेला मोकळं आहे, दुपारी बाराच्या पुढे चांगलं ऊन मिळतं. पूर्वेची बाजू दिवसभर भिंतीच्या सावलीत. त्या बाजूला मोहोराची आशा धरू नका, हे मी तिथेच सांगून टाकलं. सावलीतल्या फांदीला पाणी तोडा नाहीतर खत घाला, ती फक्त पानं देणार.

तिसरं बघितलं फांद्यांची टोकं. दिवाळीच्या सुमारास टोकाची पानं गर्द हिरवी, जाड, हातात चुरली तर कडकड आवाज करणारी हवीत. इथे अर्ध्या टोकांवर तांबूस, लोंबती, मऊ पालवी होती. म्हणजे झाड अजून पानं काढायच्या कामात गुंतलेलं होतं. रोज पाणी मिळतंय म्हटल्यावर ते थांबेल कशाला?

आंब्याचं गणित असं आहे. पाऊस गेल्यावर आलेली पालवी जून व्हावी लागते, तिला विश्रांती मिळावी लागते, आणि मग थंडी पडली की टोकाच्या डोळ्यातून पानाऐवजी मोहोर फुटतो. ही विश्रांती दोन गोष्टींमुळे मिळते, कोरडी जमीन आणि थंड रात्र. आमच्याकडे राजापूरच्या कातळावर दोन्ही मिळतात, ऑक्टोबरच्या उन्हात माती आपोआप सुकते. प्रभादेवीत थंडीची बाजू लंगडी आहे. समुद्र जवळ, त्यात काँक्रीट. हिवाळ्यात वेधशाळेचे आकडे बघा, कुलाब्याची रात्र सांताक्रूझपेक्षा दोन-तीन अंशांनी गरमच असते, आणि प्रभादेवीची हवा कुलाब्याच्या जवळची. थंडी अशी अर्धवट असेल तर कोरड्या जमिनीवर जास्त भिस्त ठेवावी लागते. आणि नेमकी तीच गोष्ट नळीने रोज बिघडत होती.

म्हणून माझं उत्तर होतं की कल्टार नको, पाणी तोडा. कल्टार हे काय टॉनिक नाही, ते झाडाची वाढ दाबतं. आम्ही ते दहा वर्षांच्या वरच्या, सशक्त झाडांनाच देतो. तेही १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून, मीटरला तीन मिली या हिशोबाने. सात वर्षांच्या झाडाला, दिवाळीत, अंदाजाने बाटली ओतणं म्हणजे पुढच्या वर्षांची वाढ खुंटवणं.

आता खरी अडचण पुढे आली. माळीदादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मी पाणी घातलं नाही तर वरून लोक बघतात. म्हणतील पगार कशाचा घेतो." अगदी बरोबर होतं त्याचं. रोजचं पाणी झाडाची गरज म्हणून चाललेलं नव्हतं, माणूस काम करतोय हे दिसावं म्हणून चाललेलं होतं. बऱ्याच ठिकाणी नेम बदलत नाही तो याच कारणाने, आमच्या गावातही. मी सेक्रेटरींना त्याच्यासमोर सांगितलं की आंब्याला पाणी न घालणं हे आता याचं काम आहे, आणि त्या वेळात हा लहान कलमाची आळी नीट करेल.

पहिल्या वर्षी फसलं. डिसेंबरात जाऊन बघतो तर लॉनच्या बाजूच्या फांद्यांवर पुन्हा तांबडी पालवी. नळी बंद होती, पण फवारा चालूच होता. आंब्याची मुळं फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जातात, त्यांना लॉन कुणाचं आणि आळं कुणाचं हे कळत नाही. तुमच्याकडे पाणी तोडूनही टोकं तांबडीच राहिली तर आधी आसपासचा फवारा, गळका पाइप, ओव्हरफ्लो होणारी टाकी शोधा.

२०२३ च्या पावसानंतर फवाऱ्याचं तोंड फिरवलं आणि आंब्याचं पाणी पूर्ण बंद ठेवलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मधे सेक्रेटरींचा फोन, "पानं जरा मलूल दिसतायत, थोडं घालू का?" मी म्हटलं, सकाळी बघा. दुपारी मान टाकून सकाळी ताठ होत असतील तर हात लावायचा नाही. सकाळीही वाळल्यासारखी, कडा करपलेल्या दिसल्या तरच घाला. सकाळी ताठ होती. जानेवारीत पश्चिमेच्या बाजूला मोहोर आला. पूर्वेला नाही आला, तो येणारच नव्हता.

मोहोर दिसल्या दिसल्या आनंदाने नळी सोडायची नाही, इथे लोक चुकतात. फळं वाटाण्याएवढी धरल्यावर पाणी सुरू करायचं, आणि तेही रोज नाही. मोठ्या झाडाला पंधरा दिवसांनी दीडशे ते दोनशे लिटर, असं तीन-चार वेळा. काढणीच्या महिनाभर आधी पुन्हा बंद. त्या मे महिन्यात एकतीस आंबे उतरले. सात मजल्यांत वाटले, मला दोन मिळाले.

आता उरलेली दोन झाडं. आंब्याचा उपाय लागू पडला म्हटल्यावर सेक्रेटरींचा उत्साह वाढला, "मग नारळाचंही बंद करू का हिवाळ्यात?" अजिबात नाही. माडाला आंब्यासारखा वर्षातून एकदा फुलायचा हंगाम नसतो. तो साधारण महिन्याला एक झावळ काढतो आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. ती पोय बाहेर दिसण्याआधी अडीच वर्षांहून जास्त काळ आत तयार होत असते, आणि पोय उमलल्यापासून नारळ पिकायला आणखी वर्ष. आज तुम्ही पाणी तोडलंत तर काही लहान फळं लगेच गळतील, पण आत जे बिघडलं ते दोन-अडीच वर्षांनी दिसणार. तेव्हा कुणालाही आठवणार नाही की आपण काय केलं होतं. माहीम-प्रभादेवीच्या या पट्टीत पूर्वी नारळाच्या वाड्या होत्या, माडाला ही हवा नवी नाही. त्याचा नेम चाललाय तो चालू द्या. पावसाआधी झावळ्या छाटताना सुद्धा सुकलेल्या तेवढ्याच काढा. हिरवी झावळ काढली की तिच्या बगलेतला घडही लटकतो.

लहान कलमाचं तिसरंच. पावसाळा सोडून त्याला पाणी हवंच. मी पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा देतो, दुसऱ्या वर्षी एकदा, तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी. म्हणजे इथे नेम ऋतूवर नाही, वयावर बदलतो, आणि हळूहळू. या कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहोर आला होता आणि बिल्डिंगमधली पोरं नाचत होती. मी तो खुडायला लावला. शिव्या खाल्ल्या. पण तीन वर्षांच्या आतल्या कलमाने फांद्या करायच्या असतात.

खताचंही वयाशीच नातं आहे, थोडक्यात सांगतो. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस आंब्याला दरवर्षी मात्रा वाढवत न्यायची आहे, दहाव्या वर्षापर्यंत. दहाव्या वर्षी दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. त्यापुढे तेवढंच. आमच्याकडे पंचवीस वर्षांच्या झाडाला अडीचपट घालणारे आहेत, वाढवायची सवय लागली म्हणून वाढवतात. आणि जागा मात्र बदलत नाहीत, दरवर्षी बुंध्याशीच ओततात. मात्रा दहाव्या वर्षी थांबवा, पण चर फांद्यांच्या घेराबरोबर बाहेर सरकवत राहा.

गॅलरीत ड्रममध्ये आंबा लावणाऱ्यांनी वरचं पाणी तोडणं जसंच्या तसं करू नका. ड्रमची माती दोन-चार दिवसांत खडखडीत होते, मुळांना पळायला जागा नाही. तिथे पाणी कमी करा, तोडू नका.

यंदाची गंमत वेगळी आहे. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला आणि ऑक्टोबर संपेपर्यंत सरी येत राहिल्या. माळीदादाने आता वहीत लिहून ठेवलंय, "दसऱ्यानंतर आंबा बंद". त्याने तसं बंद केलंही, पण वरून पडतच होतं. परवा त्याचा फोन आला, काका, तारखेला बंद केलं तरी लाल पानं आली, माझी चूक झाली का? नाही झाली. यंदा दिवस मोजायचे ते दसऱ्यापासून नाहीत, शेवटच्या चांगल्या सरीपासून. मी त्याला सांगितलं, वीतभर खणून माती मुठीत दाब. गोळा होतोय तोवर ताण सुरूच झालेला नाही. मोहोर लांबेल, कदाचित फेब्रुवारीत जाईल, म्हणून मधेच काही ओतायला जाऊ नकोस.

त्याने मुठीतल्या मातीचा फोटो पाठवलाय. गोळा अजून होतोय.