ओढूनताणून जोडलेला पाइप कधीतरी फुटणारच!

नळजोडणीचे काम चालू असताना तुम्ही हे दृश्य नक्की पाहिले असेल. शेवटचा जोड राहिलेला असतो. पाइपचे टोक आणि फिटिंगचे तोंड समोरासमोर येत नाही, बोटभर फरक राहतो. मग एकजण पाइप खाली दाबून धरतो, दुसरा सोल्युशन लावतो, "दाब, दाब, बसला!" असे म्हणतो आणि काम संपते. पाणी सोडून बघितले तर एक थेंबही गळत नाही. घरमालक खूश, कारागीरही खूश.

माझे मत स्पष्ट आहे. हा जोड पूर्ण झालेलाच नसतो. त्याची गळती फक्त पुढे ढकललेली असते. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो तडकतो, तेव्हा सगळे म्हणतात, "फिटिंगच हलकं निघालं." दोष मालाला दिला जातो, नवे फिटिंग आणले जाते आणि पुन्हा तसेच दाबून बसवले जाते. म्हणून आज आपण गच्चीवरच्या टाकीचे एक साधे उदाहरण घेऊन हा विषय नीट समजून घेऊ.

पाइप वाकतो, पण ताण कुठे जातो?

समजा, गच्चीवर 1000 लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहे. तिच्या टँक निपलला आटे असलेला एक अडॅप्टर लावला आहे. तिथून एक इंची यूपीव्हीसी पाइपचा साधारण 300 मिलिमीटरचा आडवा तुकडा निघतो आणि कठड्याच्या भिंतीवरून जाणाऱ्या लाइनच्या एल्बोमध्ये शिरतो. भिंतीवरची लाइन आधीच क्लॅम्पने पक्की केलेली आहे आणि तो एल्बो 12 मिलिमीटर खाली आला आहे. कारागिराने तुकडा खाली दाबला आणि बसवला.

आता तो तुकडा स्प्रिंगसारखा झाला. त्याला सरळ व्हायचे आहे, पण दोन्ही टोके त्याला होऊ देत नाहीत. हा ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही. तो सगळ्यात जास्त साचतो पक्क्या टोकापाशी, म्हणजे अडॅप्टरच्या आट्यांजवळ. आटा म्हणजे मुळातच प्लॅस्टिकमध्ये पाडलेली खाच. तिथे जाडी कमी असते आणि खाचेच्या तळाशी ताण आणखी एकवटतो. म्हणून मधला पाइप शाबूत राहतो आणि तडा नेमका आट्यात जातो.

ढोबळ हिशेब करून बघू. एक टोक पक्के आणि दुसरे टोक 12 मिलिमीटर दाबलेले असे धरले, तर 300 मिलिमीटरच्या तुकड्यात पक्क्या टोकाशी 18 मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. यूपीव्हीसी पाइपवर 23 अंश तापमानाला वर्षानुवर्षे सोसता येईल असा जो ताण धरतात, तो साधारण 14 मेगापास्कल आहे. म्हणजे पाण्याचा दाब यायच्या आधीच आपण मर्यादा ओलांडली! शिवाय मे महिन्यातली गच्ची 23 अंशांवर थांबत नाही, आणि गरम झालेल्या पाइपची ताकद कमी होते.

इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. फरक तेवढाच असेल आणि तुकड्याची लांबी निम्मी केली, तर ताण चौपट होतो. लांबी तिप्पट केली, तर ताण नवव्या हिश्शावर येतो. हाच 12 मिलिमीटरचा फरक 900 मिलिमीटर लांबीत वाटला असता, तर ताण जेमतेम 2 मेगापास्कल राहिला असता. म्हणून लांब पाइप थोडा लवचिकपणे वळलेला चालतो, पण दोन पक्क्या टोकांमधला आखूड तुकडा अजिबात चालत नाही.

मग लगेच का फुटत नाही?

हा प्रश्न रास्त आहे. काही अनुभवी कारागीर म्हणतात, "प्लॅस्टिक आहे, थोड्या दिवसांत सवय होते त्याला." यात अर्धे खरे आहे. प्लॅस्टिक सतत वाकलेले ठेवले तर त्यातला ताण हळूहळू उतरतो. पण तो उतरेपर्यंत खाचेच्या तळाशी केसासारखी भेग सुरू झालेली असू शकते, आणि सुरू झालेली भेग मागे जात नाही. शिवाय गच्चीवरची लाइन रोज तापते आणि रात्री थंड होते. पाच मीटर यूपीव्हीसी पाइप 25 अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. म्हणजे उतरलेला ताण रोज नव्याने भरला जातो. त्यातच मोटार सुरू-बंद होण्याचे, नळ झटकन बंद करण्याचे धक्के. भेग रोज थोडी पुढे सरकते आणि एका सकाळी टाकी रिकामी सापडते.

दुसरी गळती आट्यात नाही, सोल्युशनच्या जोडात होते. सोल्युशन हा डिंक नव्हे. ते पाइपचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग मऊ करते आणि दोन्ही एकमेकांत मुरून एकजीव होतात. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग गोल फिरून सगळीकडे भिडलेले हवेत. पाइप तिरका घुसला की एका बाजूला घट्ट घासतो आणि समोरच्या बाजूला फट राहते. ती फट सोल्युशनने भरलेली दिसते, पण सुकताना ते आकसते आणि आत बारीक वाट राहते. त्यात हात सोडल्यावर दाबलेला पाइप मऊ जोडाला ओढत राहतो. म्हणून हा जोड पहिल्या दिवशी कोरडा दिसतो आणि काही आठवड्यांनी पाझरू लागतो.

दोष मालाचा की जोडणीचा, हे कसे ओळखाल?

आपल्या उदाहरणात तुकडा खाली दाबलेला आहे, त्यामुळे अडॅप्टरची वरची बाजू ताणली जाते आणि तडा वरच्या बाजूला, आट्याच्या दिशेने आडवा जातो. पाणी मात्र गोलाईवरून ओघळून खालून ठिबकते. लोक खालीच बघतात, तिथे काही सापडत नाही. म्हणून जागा कोरडी पुसून वरून बोट फिरवून बघा. याउलट आटे गरजेपेक्षा जास्त आवळल्याने जो तडा जातो, तो बहुधा बाहेरच्या, मादी आट्यांच्या फिटिंगवर आणि पाइपच्या लांबीच्या दिशेने उभा असतो.

सगळ्यात खात्रीची खूण पाइप कापताना मिळते. टाकीचे पाणी बंद करून हॅक्सॉने तुकडा मधोमध कापा. पाइप सरळ बसवलेला असेल तर दोन्ही टोके जागच्या जागी राहतात. दाबून बसवलेला असेल तर कापल्याबरोबर टोक उडी मारते. जेवढी उडी, तेवढी चूक! पट्टीने मोजा आणि मालकालाही दाखवा. यानंतर दुकानदाराशी भांडायची गरज उरत नाही.

जोडण्याआधी सरळ कसे करावे?

पहिली गोष्ट, जे हलवता येत नाही ते आधी पक्के करा. टाकी सपाट ओट्यावर पूर्ण टेकलेली हवी. शेवटचा जोड करण्याआधी ती भरून बसू द्या, कारण भरल्यावर प्लॅस्टिकची टाकी थोडी फुगते, बसते आणि निपलची जागा किंचित बदलते. भिंतीवरचे क्लॅम्प मात्र सैल ठेवा. आपल्याकडे उलटे होते. क्लॅम्प आधी आवळतात आणि मग पाइपला त्यांच्यासाठी वाकवतात.

दुसरी गोष्ट, सोल्युशन न लावता सगळी जुळणी करून बघा. दोरी आणि पाणसळ लावा. मग माझी आवडती परीक्षा घ्या: हात काढा. हात काढल्यावर पाइपचे टोक फिटिंगच्या तोंडासमोर आपोआप राहत असेल, तरच सोल्युशनचा डबा उघडा. धरून ठेवावे लागत असेल, तर काम अजून बाकी आहे. कोरडा पाइप सॉकेटमध्ये तळापर्यंत जात नाही, म्हणून माप त्यावरून घेऊ नका. दोन तोंडांमधले अंतर मोजा आणि त्यात दोन्ही सॉकेटची खोली मिळवा. अंतर 262 मिलिमीटर आणि प्रत्येक सॉकेट 29 मिलिमीटर खोल असेल, तर तुकडा 320 मिलिमीटरचा हवा. पाइपवर 29 मिलिमीटरची खूण करा, म्हणजे तो पूर्ण आत गेला की नाही हे कळेल.

तिसरी गोष्ट, आपल्या 12 मिलिमीटरचे काय करायचे? बरेच जण म्हणतात, "मध्ये युनियन टाका." युनियन जोड उघडण्यासाठी असते, वाकडेपणा पचवण्यासाठी नाही. तिची दोन्ही तोंडे समांतर नसली तर नट आवळून तोच ताण आपण पुन्हा भरतो. दोन 45 अंशांचे एल्बोही इथे बसत नाहीत, कारण त्यांनाच त्याहून जास्त जागा लागते. पाइप जाळावर धरून वाकवणे तर नकोच, त्याने भिंत पातळ होते आणि पाइप कमजोर होतो.

खरा उपाय सोपा आहे. भिंतीवरच्या लाइनचे पहिले दोन क्लॅम्प काढा, म्हणजे सुमारे दोन मीटर लाइन मोकळी होईल. तिचे टोक 12 मिलिमीटर सहज वर येते, आणि एवढ्या लांबीत ताण अर्ध्या मेगापास्कलहूनही कमी राहतो. पाइप जिथे राहील तिथे नवी भोके पाडा आणि क्लॅम्प पाइपकडे न्या, पाइप क्लॅम्पकडे नको. क्लॅम्प सर्वांत शेवटी बसवा आणि पाइप त्यात लांबीच्या दिशेने सरकेल इतकीच पकड ठेवा. नवीन काम असेल तर लाइन मुद्दामच निपलच्या दीडशे मिलिमीटर खाली घ्या. मग दोन एल्बोंमधला उभा तुकडा हवा तेवढा कापता येतो आणि मापातली चूक त्या तुकड्यातच संपते.

या सगळ्याला अर्धा तास जास्त लागतो. माझ्या मते कारागिराने तो अर्धा तास उघडपणे मागावा आणि घरमालकाने त्याचे पैसे खळखळ न करता द्यावेत. झरणाऱ्या जोडाखाली स्लॅब ओला होतो, आतली सळई गंजते आणि छताचे पोपडे पडू लागतात. त्या दुरुस्तीचा खर्च पाइपच्या दहा तुकड्यांपेक्षाही जास्त असतो. तेव्हा पुढच्या वेळी घरात जोडणी चालू असेल, तर सोल्युशन लावण्याआधी एवढेच म्हणा: "दादा, जरा हात काढून दाखवता का?"