नेमणुकीचा आदेश आणि पगाराची पट्टी

घोडेगावच्या बाजारात कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती निदान एक पट्टी पडते. वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, हे तीवर लिहिलेले असते. खोट दिसली तर भांडायला त्याच्यापाशी कागद असतो. त्याच शेतकऱ्याची मुलगी खासगी शाळेत शिक्षिका झाली, की तिला मात्र पुष्कळदा महिन्याच्या अखेरीस एक रक्कम मिळते. ती कशी आली हे कोणी सांगत नाही आणि विचारण्याची सोयही नसते. ही स्थिती कायद्याच्या अभावामुळे आलेली नाही. कायदा आहे, त्याच्याशी पगार ताडून पाहण्याची सवय नाही.

महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ साली झाला आणि त्याखालील नियमावली १९८१ साली आली. शाळेला अनुदान मिळो वा न मिळो, हा कायदा लागू आहे असे त्याचे तिसरे कलमच सांगते. नेमणुकीचा आदेश कोणत्या नमुन्यात द्यावा हेही नियमावलीने ठरविले आहे. त्यात मूळ वेतन, वेतनश्रेणी आणि भत्ते यांचा उल्लेख असावा लागतो. तेव्हा ‘आमची शाळा विनाअनुदानित आहे, श्रेणी केवळ कागदावर’ हे संस्थाचालकांचे पालुपद म्हणजे आपण सही केलेला शब्द आपणच मोडल्याची कबुली होय.

हिशेब कसा करावा ते एका उदाहरणाने पाहू. समजा, शिक्षणसेवकाची तीन वर्षे पुरी करून एक शिक्षिका जुलै २०२३ मध्ये घोडेगावसारख्या गावी प्राथमिक वर्गावर नियमित झाली. आदेशात श्रेणी २९,२००–९२,३०० आणि ‘नियमानुसार भत्ते’ असे लिहिले आहे. मूळ वेतन २९,२०० रुपये. त्या महिन्यापासून राज्याचा महागाई भत्ता ४६ टक्के होता; म्हणजे १३,४३२ रुपये. घरभाडे भत्त्यासाठी गावे सर्वांत खालच्या वर्गात मोडतात. तेथील दर त्या वेळी ९ टक्के, म्हणजे २,६२८ रुपये. वाहतूक भत्ता बाजूला ठेवला तरी बेरीज ४५,२६० होते. पुढच्या जुलैत वार्षिक वाढ मिळून मूळ वेतन ३०,१०० व्हावयास हवे. ते २९,२०० वरच थांबले असेल तर तीही कपातच, फक्त न सांगितलेली.

आता वजाबाकी. व्यवसाय कर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. भविष्य निर्वाह निधी १५,००० रुपयांच्या मर्यादेपुरता भरला जात असेल तर शिक्षिकेचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. येथेच सर्वांत सरावलेली लबाडी होते. संस्थेचा तेवढाच हिस्सा तिच्याच पगारातून घेऊन ३,६०० कापले जातात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापण्यास निधीच्या योजनेने स्पष्ट मनाई केलेली आहे. आयकर सोडला, तर या शिक्षिकेच्या हाती ४३,२६० रुपये पडले पाहिजेत.

दुसरी लबाडी अधिक धूर्त आहे. बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि आठवड्याभरात त्यातला मोठा भाग रोखीने परत मागितला जातो. वेतनपत्रकावर सही पूर्ण रकमेची असल्याने कागद संस्थेच्या बाजूने बोलतो. म्हणून चार कागद शेजारी ठेवावेत: नेमणुकीचा आदेश, वेतनपत्रक, बँकेचे पासबुक आणि निधीचे खातेपुस्तक. निधीकडे १,८०० ऐवजी ९६० जमा दिसले, तर संस्थेने वेतन ८,००० दाखविले आहे हे उघड होते. दर महिन्याला लागोपाठ सारखीच रोख रक्कम काढलेली दिसली, तर ती कोठे गेली हे विचारावे लागते. परत दिलेल्या रकमेची नोंद त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावी. वर्षानंतरची आठवण चौकशीत टिकत नाही.

तक्रार कोठे करावी याविषयीही गैरसमज आहेत. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे असा निर्णय दिला. त्यामुळे त्या कायद्याची वाट बंद झाली. शाळा न्यायाधिकरण बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा बाबी ऐकते, निव्वळ थकलेल्या पगाराची नव्हे. या कामी चौथे कलम आहे. वेतन व भत्ते नियमांपेक्षा कमी असतील तर ते त्या पातळीवर आणण्याचा लेखी आदेश शिक्षण संचालकांनी संस्थेला द्यावयाचा असतो, आणि तो न पाळल्यास शाळेची मान्यताही काढता येते. म्हणून हिशेबाचा तक्ता जोडून अर्ज संचालकांच्या नावे शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत द्यावा आणि पोच घ्यावी.

एकटी शिक्षिका असा अर्ज देईल तर दुसऱ्या दिवशी तिच्या कामात दोष सापडू लागतील, हे आपण जाणतो. दहा जणींचे दहा तक्ते एकाच दिवशी दाखल झाले तर तेवढे दोष एकदम शोधणे संस्थेलाही जड जाईल. कार्यकर्त्यांनी आधी हे तक्ते करून द्यावेत. सभा आणि ठराव त्यानंतर.