मामांच्या राऊटरची रिटायरमेंट

मागच्या महिन्यात चार दिवस मामांकडे पवनारला होते. सकाळी धाम नदीकाठी चक्कर, मामीच्या हातचं झुणका-भाकर आणि दुपारी लॅपटॉप उघडून डेडलाइन गाठायची, असा झकास प्लॅन! वाय-फायचा डबा कपाटावर, कॅलेंडरच्या शेजारी. दोन अँटेना आणि बोटभर धूळ.

"दहा वर्सं झाली, एकदाबी बंद नाही पडला," मामांनी सर्टिफिकेट दिलं.

तीच तर गोची आहे ना! मिक्सर म्हातारा झाला की खडखडतो. राऊटरचं तसं नसतं. कंपनी एक दिवस ठरवते की या मॉडेलसाठी आता नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, काढायचं नाही. त्यानंतर सापडलेली भोकं कायमची उघडी राहतात, आणि हिरवा दिवा मात्र लुकलुकतच असतो.

मी डबा उलटा केला. खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात Ver किंवा V. हे बारीक अक्षर सोडू नका. एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळ्या व्हर्जनचं हार्डवेअर असतं आणि सपोर्टची तारीखही वेगळी असू शकते. कंपनीच्या साइटवर दोन्ही टाकून शोधलं, तर मामांचं मॉडेल End of Life यादीत! (कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीनं यादी तरी लावलीय.)

मग ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाकलं. युजरनेम admin, पासवर्ड admin... आणि दार उघडलं! २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो मोडेमना मालवेअरनं गाठलं, तेव्हाही कारण हेच होतं. लोकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता.

पासवर्ड बदलला की काम झालं, असं तुम्ही म्हणाल. अर्धं झालं. टीपी-लिंकचे TL-WR740N आणि TL-WR841N आपल्याकडे घरोघरी होते. त्यांच्या काही जुन्या व्हर्जन्समध्ये एक भोक आहे, CVE-2023-33538. वाय-फायचं नाव लिहायच्या रकान्यात कुणी नावाऐवजी कमांड पाठवली, तर राऊटर ती निमूट पाळतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या 'सीसा' या सायबर सुरक्षा संस्थेनं हे भोक 'प्रत्यक्ष वापरलं जातंय' अशा यादीत घातलं. ही यादी कुणालाही बघता येते, आपलं मॉडेल टाकून शोधायचं. त्याच वर्षी मे महिन्यात एफबीआयनं सांगितलं की सपोर्ट संपलेले राऊटर फोडून त्यांच्या आडून इंटरनेट वापरायची सोय विकली जात होती. म्हणजे उद्योग दुसऱ्याचा आणि पत्ता तुमच्या घराचा!

माझा हिशेब सरळ आहे. सपोर्ट चालू असेल तर फर्मवेअर अपडेट करा, पासवर्ड बदला, Remote Management आणि WPS बंद करा आणि निवांत राहा. सपोर्ट संपलाय पण भोक अजून कुणाला सापडलेलं नाही, तर एवढंच करून नव्या राऊटरसाठी पैसे बाजूला ठेवा. सपोर्ट संपलाय आणि भोकही यादीत आहे, तर मात्र डागडुजी नको, डबा बदला. रीस्टार्ट केल्यानं कधीकधी आत शिरलेलं मालवेअर पुसलं जातं, पण दार उघडंच असतं, ते परत येतं. वायफळ खर्च नको म्हणून ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं फर्मवेअर टाकायचा विचार कराल, तर ४ एमबी मेमरीच्या जुन्या डब्यांत त्याची आताची व्हर्जन्स मावतच नाहीत.

"चालून तर राह्यला नं बापा! कायले बदलवाचा?" मामा हटेनात. त्यांची पेन्शन, लाइटबिल, सगळं त्याच वाय-फायवरच्या फोनमधून.

तेवढ्यात स्टेटस पानावर WAN च्या पुढे 192.168.1 नं सुरू होणारा पत्ता दिसला. म्हणजे हा डबा थेट इंटरनेटला नाही, दुसऱ्या डब्याच्या मागे जोडलाय. वायर धरून गेले, तर दाराजवळ फायबरवाल्यानं लावलेला पांढरा डबा, त्यात स्वतःचं वाय-फाय! फोनचे पासवर्ड बदलायला नकोत म्हणून जोडणाऱ्या पोरानं जुना तसाच पुढे ठेवला होता. पांढऱ्याच्या मागे असल्यामुळे बाहेरच्याला तो सरळ दिसत नव्हता हे खरं, पण घरातला एखादा बिघडलेला फोन admin admin करून आत शिरलाच असता.

मग नवा राऊटर घ्यायचीही गरज उरली नाही. पांढऱ्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला, वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, WPA2 ठेवलं. सगळे फोन आपोआप जोडले गेले. फक्त मागच्या खोलीत रेंज जरा कमी येते, तिथं मामी झोपते आणि तिला चालतं.

जुना डबा रीसेट करून भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्यात द्यायचा ठरलंय. तोवर मामांनी तो परत कपाटावर नेऊन ठेवलाय. अ‍ॅडॉप्टर मात्र मी बॅगेत घालून आणलाय!