सड्यावरचा पाऊस कोणत्या काळात पडतो?

पणजीतल्या कविसंमेलनांत गोव्यावरची गीते ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. माड डोलतात, झरे वाहतात, फुले फुलतात, सारे वर्तमानकाळात. ही सवय आली कुठून, ते उघड आहे. बा. भ. बोरकरांच्या ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ या कवितेने ती लावली. पण त्या कवितेत बऱ्याच ओळींना क्रियापदच नाही, आणि जिथे आहे तिथे ते नित्याचे, ऋतूमागून ऋतू चालणारे आहे. आत्ता या क्षणी काय घडते आहे, हे ती कविता सांगतच नाही. ही भूमी अशी असते, एवढेच ती सांगते. बोरकरांना तो वर्तमानकाळ शोभला, कारण समोरची भूमी त्याला साक्ष होती.

आता पेडण्याचा मोपाचा सडा घ्या. डिसेंबर 2022 मध्ये तिथे विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. या सड्यावर कोणी गीत लिहायला बसला तर पहिला प्रश्न शब्दांचा नाही, काळाचा आहे. समजा त्याने लिहिले : ‘पाऊस येतो, सडा भिजतो, खडकाला फूल येते.’ ऐकणाऱ्याला वाटेल, दरवर्षीप्रमाणे यंदाही तिथे कातळावर फुले आली असतील. धावपट्टीखाली गेलेल्या कातळापुरते तरी ते खोटे आहे. मग त्याने बदलले : ‘पाऊस आला, सडा भिजला, खडकाला फूल आले.’ आता ही एका दिवसाची हकीकत झाली. ऐकणारा विचारतो, पुढे काय झाले? गीतातून गोष्ट सुरू झाली.

भूतकाळ म्हणजे आठवण, हे समीकरणही मराठीत पुरते जुळत नाही. खिडकीतून कोणी ‘आला पाऊस!’ म्हणून ओरडतो तेव्हा क्रियापद भूतकाळी असते, आणि अंगणातले कपडे काढायला घर धावते. ताजेपणासाठी वर्तमानकाळच हवा, असे मानणारा गीतकार हा ‘आला’ हातचा घालवतो.

आठवणीसाठी मराठीत वेगळे रूप आहे : रीतिभूतकाळ. ‘पाऊस येई, सडा भिजे, खडकाला फूल येई.’ एकदा नव्हे, दरवर्षी. आणि आता नाही. ‘हरवले’, ‘गेले ते दिवस’, ‘आठवते’ असे काही जोडावे लागत नाही, क्रियापदच ते दुःख वाहते. मात्र मात्रा बघाव्या लागतात. ‘येतो’, ‘आला’, ‘येई’ या तिन्हींत चार मात्रा. पण ‘भिजतो’ आणि ‘भिजला’ यांत चार, तर ‘भिजे’त तीनच. चालीत तिथे स्वर लांबवावा लागतो, आणि त्या लांबलेल्या ‘जे’वर गायक थोडा रेंगाळतो. आठवणीच्या गीताला हे पथ्यावरच पडते.

अडचण एकच, आणि ती खरी आहे. बोलताना आज कोणी ‘येई’ म्हणत नाही, ‘यायचा’ म्हणतो. ‘येई, भिजे’ची ओळ जुन्या भावगीतासारखी वाटण्याचा धोका असतो. ‘पाऊस यायचा, सडा भिजायचा’ ही बोली जवळची. पण ‘यायचा’त पाच मात्रा, ‘भिजायचा’त सहा, आणि तिसऱ्या ‘-यचा’पर्यंत कान कंटाळतो. मी म्हणेन, एक ‘यायचा’ ठेवावा आणि पुढची क्रियापदे गाळावी : ‘पाऊस यायचा, ओला सडा, खडकाला फूल.’ पहिल्या क्रियापदाचा काळ बाकीच्या ओळीवर आपोआप पसरतो. क्रियापद कुठे गाळायचे, हे बोरकरांकडून शिकण्यासारखे आहे; त्यांचा वर्तमानकाळ उचलण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचे.

काळ बदलला की बोलणाराही बदलतो. ‘मी दिवा लावते’ म्हटले की बोलणारी बाई आहे हे कळते. ‘मी दिवा लावला’मध्ये क्रियापद दिव्यामागे जाते, आणि तो बाईने लावला की पुरुषाने, हे झाकून राहते. सकर्मक क्रियापदांचे, स्त्रीच्या तोंडचे गीत नुसते भूतकाळात ढकलले की ती स्त्रीच ओळीतून पुसली जाते, आणि कवीच्या ते लक्षातही येत नाही.

गेलेल्याला वर्तमानकाळात ठेवण्याच्या उलट बाजूची चूकही होते. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या झऱ्यांवर लिहिताना ‘झरा वाहे’ म्हणणे सोपे आणि सुरेल आहे. पण त्या ‘वाहे’ने झरा मेल्याचे जाहीर होते. झऱ्याला अजून पाणी असेल तर हा भूतकाळही खोटाच, आणि जे वाचवता येईल त्याचा शोक आधीच उरकून टाकणारा. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. प्रत्येक गावातल्या पाण्याचे पुढे काय झाले ते त्या गावात जाऊनच कळते. कवीने चैत्रात तिथे जावे, झऱ्यात हात घालून पाहावे, आणि मग क्रियापद लिहावे.