सारंगखेड्याचा घोडा आणि चौकटीचे माप

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. एका वर्षी आम्ही काही अध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. त्या भेटीतील एक छायाचित्र महाविद्यालयाच्या वाचनकक्षात लावावे असे ठरले. चित्रात एक मारवाडी घोडा आडवा उभा आहे. डाव्या कडेला त्याचे झुलते शेपूट, वर आत वळलेल्या कानांची टोके, आणि उजव्या कडेला लगाम धरून उभा असलेला फेटेवाला गृहस्थ. चित्राचा सगळा तोल त्या लगामाच्या ताणावर उभा आहे.

वाचनकक्षात 12 बाय 15 इंचांची एक चौकट रिकामी पडून होती. तेव्हा त्याच मापाची प्रत काढावी, असे आम्ही स्टुडिओत सांगितले आणि आलेली प्रत चौकटीत बसवून भिंतीवर टांगली. प्रत चौकटीत अगदी नेमकी बसली, म्हणून आम्ही समाधानी होतो. दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात माझे बाबा कुठे गेले?” लगाम धरणारा गृहस्थ तिचा पिता होता. भिंतीवरच्या चित्रात लगाम उजव्या कडेपर्यंत जात होता आणि तेथेच संपत होता. ज्याने घोडा पेलून धरला होता, तोच चित्राबाहेर गेला होता.

हे कसे घडले याचा हिशोब साधा आहे. आमच्या कॅमेऱ्यातील मूळ चित्र 6000 बाय 4000 बिंदूंचे, म्हणजे 3:2 या गुणोत्तराचे होते. 12 बाय 15 या कागदाचे गुणोत्तर 5:4. चित्राची उंची 12 इंच धरली तर रुंदी 18 इंच हवी. कागद मात्र 15 इंचच आहे. उरलेले 3 इंच, म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा, दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापला गेला. कागद पूर्ण भरायचा, एवढीच सूचना यंत्राला असते. माणूस आणि मोकळी जागा यांतला भेद त्याला कळत नाही.

मग आम्ही ‘काहीही कापू नका’ असे सांगून दुसरी प्रत काढली. आता चित्र 15 बाय 10 इंचांचे झाले आणि वर-खाली एकेक इंचाच्या पांढऱ्या पट्ट्या उरल्या. डावी-उजवीकडे मात्र काहीच नाही. माणूस परत आला, पण चित्र चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे दिसू लागले. आमचे मत असे की, कापलेली कड आणि उरलेली पट्टी हे दोन वेगळे दोष नाहीत. चौकट आधी आणि चित्र नंतर, या एकाच चुकीची ती दोन फळे आहेत.

या दोन गुणोत्तरांच्या मागे दोन वेगळ्या परंपरा आहेत. 3:2 हे माप 35 मिलिमीटर फिल्मच्या 24 बाय 36 मिलिमीटरच्या चौकोनातून आले. 1925 साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केले आणि पुढे अनेक डिजिटल कॅमेऱ्यांनी तेच उचलले. 8 बाय 10, 16 बाय 20 ही मापे त्याहून जुन्या, मोठ्या पत्र्यांच्या कॅमेऱ्यांच्या कुळातली. तयार चौकटींच्या दुकानात हे जुने कूळ अजूनही ठाण मांडून आहे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी चित्राच्या लांब बाजूला आखूड बाजूने भागावे. उत्तर 1.5 आले तर 3:2, 1.33 आले तर बहुतेक मोबाइलचे 4:3, आणि 1.25 आले तरच 5:4.

यावर सरळ उपाय सुचतो तो असा, की 3:2 चित्रासाठी 12 बाय 18 ची चौकट आणावी. आम्ही तेही करून पाहिले आणि या वेळी घोड्याचे कान गेले. चौकटीच्या पट्टीला आतून एक खाच असते आणि तिची कड प्रतीवर चारही बाजूंनी साधारण पाव इंच चढते. 12 बाय 18 मधले जेमतेम साडेअकरा बाय साडेसतराच दिसते. कानांची टोके नेमकी त्या पाव इंचात होती. शिवाय प्रत काचेला थेट टेकते आणि पावसाळ्यात दमटपणाने तिला चिकटू शकते.

खरा तोडगा फ्रेमवाले ज्याला माउंट म्हणतात, त्या मधल्या पुठ्ठ्यात आहे. पोथीला समास असतो तसा हा चित्राचा समास. आम्ही शेवटी 16 बाय 20 ची तयार चौकट घेतली, म्हणजे पुन्हा 5:4 चीच. चित्र 15 बाय 10 इंचांचे ठेवून ते 12 बाय 18 च्या कागदावर मधोमध छापून घेतले, त्यामुळे चारही बाजूंना कोरा कागद राहिला. माउंटची खिडकी साडेपंधरा बाय साडेदहा इंचांची कापवली. त्यामुळे चित्राभोवती पाव इंचाची पांढरी रेघ चारही बाजूंनी सारखी दिसते, बाकीचा कोरा कागद माउंटखाली जातो आणि चित्राचा एक केसही झाकला जात नाही. डावी-उजवीकडे माउंट सव्वादोन इंच राहिले. वर-खाली मिळून साडेपाच इंच उरले. ते आम्ही वर अडीच आणि खाली तीन असे वाटले, कारण समान वाटले तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. खाचेत जाणारा पाव इंच प्रत्येक बाजूने वजा होतो, हे मात्र धरून चालावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चित्र 3:2 चे तर बाहेरची चौकटही 3:2 चीच हवी, असे वाटते. पण 15 बाय 10 भोवती चारही बाजूंनी तीन-तीन इंच समास सोडला, तर बाहेरचे माप 21 बाय 16 होते, म्हणजे गुणोत्तर 1.31. सारखा समास आयताला चौरसाकडे ढकलतो. म्हणूनच माउंट नसताना घोड्याच्या मालकाला कापणारी 5:4 ची चौकट, माउंट घातल्यावर त्याच चित्राला शोभते.

प्रत माउंटच्या पाठीला फक्त वरच्या कडेने कागदी पट्टीने टांगावी. चारही कडा चिकटवल्या तर दमट हवेत कागदाला फुगायला वाव मिळत नाही आणि त्यावर लाटा उमटतात.

कातरीला आमचा विरोध नाही. चित्रातले आभाळ निरर्थक असेल तर ते जरूर कापावे. पण तो निर्णय चित्र पाहून व्हावा, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली जुनी चौकट पाहून नव्हे. पाठ्यपुस्तकात पानाच्या सोयीसाठी कापलेले उतारे आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो आणि गेलेल्या परिच्छेदाबद्दल हळहळतो. भिंतीवर मात्र तेच आमच्या हातून झाले.

आता ती विद्यार्थिनी वाचनकक्षात आली की तिचे बाबा उजव्या कडेला असतात. लगामाला दुसरे टोक मिळाले आहे.